उघडलेला डबा फ्रीजमध्ये किती दिवस?

इंग्लंडमध्ये विकत घेतलेल्या टोमॅटोच्या बहुतेक डब्यांवर बारीक अक्षरांत एक सूचना असते: डबा उघडल्यावर उरलेले टोमॅटो धातूच्या नसलेल्या भांड्यात काढा, फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. अमेरिकेचं कृषी खातं मात्र सांगतं की उघडलेला डबा नीट झाकून तसाच फ्रीजमध्ये ठेवला तरी धोका नाही. चव टिकावी असं वाटत असेल तर काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात काढून ठेवा. लेस्टरची वहिनी आणि न्यू जर्सीची नणंद यांचं यावरून वाजलं, तर दोघींच्याही हातात सरकारी सल्ला असेल आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर असतील.

परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलामुलींच्या स्वयंपाकघरात हे डबे रोजचेच असतात. टोमॅटो सोलायचे-चिरायचे कष्ट नाहीत, राजमा-छोले भिजवायचे नाहीत, मासळी साफ करायची नाही. पण एकट्या माणसाला चारशे ग्रॅमचा डबा एका वेळी संपत नाही. अर्धा उरतो आणि तिथूनच प्रश्न सुरू होतो. आपल्याकडे टोमॅटोच्या डब्यापेक्षा आमरसाचा डबा जास्त ओळखीचा आहे. उरलेल्या आमरसालाही पुढचं बरंचसं लागू पडतं.

गोंधळ होतो तो दोन वेगळे प्रश्न एकत्र केल्यामुळे. डब्याचा धातू अन्नाचं काय करतो, हा एक प्रश्न. उघड्या अन्नात जंतू किती वेगाने वाढतात, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांच्या उलट दिशेने जातात. टोमॅटो जंतूंच्या दृष्टीने जास्त दिवस टिकतात, पण डब्यातून आधी बाहेर काढायला हवेत तेच. मासे आणि बीन्स यांना डब्याचा त्रास फारसा होत नाही, पण त्यांचे दिवस कमी असतात. एवढं लक्षात राहिलं तर बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आधी धातूचं पाहू. डब्याचा पत्रा पोलादाचा असतो आणि त्यावर कथलाचा थर असतो, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई करत, ती याच कथलाची. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं की ते कळकायचं, म्हणून घरोघरी कल्हईवाल्याची वाट पाहिली जायची. डब्याच्या बाबतीत फरक इतकाच, की कथलाखाली पितळ नसून लोखंड असतं.

बंद डब्यात हा थर मोठं काम करतो. आत हवा जवळजवळ नसते. जो थोडा प्राणवायू राहिलेला असतो, तो पहिल्या काही दिवसांतच वापरला जातो. त्यानंतर टोमॅटोतल्या आम्लात कथील अतिशय सावकाश, महिनोन्महिने, कणाकणाने विरघळत राहतं आणि स्वतः झिजून खालचं लोखंड वाचवतं. त्यामुळे टोमॅटोचा रंगही चांगला राहतो. अननस, पीच अशी फिक्या रंगाची फळं आणि काही टोमॅटो यांच्यासाठी कारखानदार मुद्दाम आतून उघड्या कथलाचे डबे वापरतात, ते याच कारणासाठी. म्हणजे बंद डब्यातलं हे विरघळणं आधीच हिशेबात धरलेलं असतं.

झाकण कापलं की हा हिशेब मोडतो. आता हवा मुबलक मिळते, आणि आम्ल व प्राणवायू एकत्र आले की कथील पूर्वीपेक्षा फार वेगाने विरघळू लागतं. फ्रीजच्या थंडीने वेग कमी होतो, पण थांबत नाही. थर जिथे संपतो तिथे लोखंड उघडं पडतं आणि तेही उतरू लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोमॅटोला जी तुरट, रक्तासारखी चव येते तिच्यात या दोन्ही धातूंचा हात असतो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. टोमॅटो भांड्यात ओतून घ्या, डबा विसळा आणि उजेडाकडे धरून आत पाहा. आतली बाजू गुळगुळीत सोनेरी, पांढरी किंवा राखाडी दिसली, तर धातूवर लॅकरचा, म्हणजे एक प्रकारच्या वार्निशाचा थर आहे. तसं नसून चांदीसारखी चमक दिसली आणि तिच्यात वेड्यावाकड्या स्फटिकांची, पिसांसारखी पसरलेली नक्षी उमटलेली असली, तर ते उघडं कथील आहे. ती नक्षी टोमॅटोच्या आम्लानेच कोरलेली असते. कित्येक डब्यांत भिंत उघड्या कथलाची आणि तळ-झाकण लॅकरचं, अशी जोडणी असते, तेव्हा नुसता तळ पाहून निष्कर्ष काढू नका. उघड्या कथलाचा अर्धा भरलेला डबा एक-दोन दिवस फ्रीजमध्ये राहिला असेल, तर टोमॅटोची पातळी जिथे हवेला भिडत होती तिथे गडद राखाडी रेघ दिसण्याची शक्यता असते. आम्ल आणि हवा दोन्ही एकाच जागी मिळाल्यामुळे धातू तिथेच सर्वांत जास्त खाल्ला जातो.

हे कथील पोटात गेलं तर काय होतं? थोडं गेलं तर काहीच नाही. शरीर ते फारसं शोषून घेत नाही, बहुतेक भाग बाहेर टाकला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार लॅकर लावलेल्या डब्यांतल्या अन्नात कथील साधारणपणे किलोला २५ मिलिग्रॅमच्या आत असतं, उघड्या कथलाच्या डब्यांत ते १०० च्या वर जाऊ शकतं. युरोपीय संघाने डबाबंद अन्नासाठी किलोला २०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, तर कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत ती २५० आहे. त्याच्या पुढे गेलं की काहींना मळमळ, उलट्या, पोटात कळा असा त्रास होतो. तो जठराला होणाऱ्या जळजळीचा त्रास असतो, लवकर सुरू होतो आणि लवकर ओसरतो. १९६९ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांत डबाबंद टोमॅटो रस प्यायलेल्या लोकांना असाच त्रास झाला होता. तपासात असं दिसलं की त्या टोमॅटोंत नायट्रेटचं प्रमाण जास्त होतं आणि नायट्रेटमुळे डब्यातलं कथील भराभर विरघळलं होतं. तिथे डबे बंद असतानाच हे घडलं होतं. घरच्या अर्ध्या डब्यात हवा ही भूमिका बजावते.

तेव्हा अमेरिकन सल्ला ‘सुरक्षित’ म्हणतो तो या अर्थाने, की एखाद-दोन दिवस डब्यात राहिलेल्या टोमॅटोंनी विषबाधा होईल असं मानायला आधार नाही. आज बरेचसे डबे लॅकरचे असतात, हेही खरं. ब्रिटिश सल्ला वेगळ्या बाजूने विचार करतो: आपला डबा कोणत्या जातीचा, लॅकरला ओरखडा पडलाय का, हे घरातल्या माणसाला ओतण्यापूर्वी कळत नाही, आणि भांड्यात काढायला अर्धं मिनिट लागतं. माझं मत ब्रिटिशांच्या बाजूने आहे. या सावधपणाला जुना आधारही आहे. पूर्वी डब्याची उभी शिवण शिशाच्या झाळणाने जोडलेली असायची. डबा उघडा ठेवला की आंबट रसात शिसंही उतरायचं, आणि शिसं हे कथलासारखं निरुपद्रवी मुळीच नाही. अमेरिकेत अशा डब्यांवर १९९५ मध्ये बंदी आली. आता शिवण वेल्ड केलेली असते किंवा डबा एकाच पत्र्यातून ओढून काढलेला असतो.

लॅकरबद्दलची एक भीती इथेच निकालात काढायला हवी. लॅकरमधला बिस्फेनॉल ए हा पदार्थ अन्नात उतरतो म्हणून उघडा डबा ठेवू नये, असं पुष्कळ जण सांगतात. तो उतरतो हे खरं आहे, आणि युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये त्याच्यावर बंदी आणली आहे. पण उतरतो तो मुख्यतः कारखान्यात, बंद डबा प्रचंड तापवला जातो त्या वेळी. फ्रीजमधल्या दोन थंड दिवसांत त्यात लक्षात घेण्याजोगी भर पडत नाही, म्हणून या कारणासाठी अन्न भांड्यात काढण्याने काही साधत नाही.

आता जंतूंकडे वळू. बंद डब्यात मासे किंवा राजमा वर्षानुवर्षं टिकतो, कारण डबा बंद केल्यावर तो दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापवलेला असतो. एवढी उष्णता लागते ती बॉट्युलिनम नावाच्या जंतूच्या बीजाणूंना मारण्यासाठी. साध्या उकळीला ते दाद देत नाहीत, आणि हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या जागी ते रुजून अत्यंत घातक विष तयार करू शकतात. टोमॅटोंना इतकं तापवावं लागत नाही, कारण त्यांचं आम्ल या जंतूला वाढूच देत नाही. आंबटपणा मोजायच्या पीएच मापावर ४.६ ही सीमारेषा मानली जाते. आकडा त्याहून कमी, म्हणजे अन्न जास्त आंबट. तिथे बॉट्युलिनम वाढत नाही. डब्यातले टोमॅटो या रेषेच्या खाली राहावेत म्हणून त्यांत बहुधा सायट्रिक आम्ल घातलेलं असतं. राजमा, छोले, मासे या रेषेच्या बरेच वर, जवळजवळ सहाच्या आसपास असतात.

फ्रीजमधल्या दिवसांचा हिशेब याच रेषेवरून ठरतो. अमेरिकन कृषी खात्याचा सल्ला असा आहे: टोमॅटो आणि फळं यांसारखं आंबट डबाबंद अन्न उघडल्यावर फ्रीजमध्ये पाच ते सात दिवस, आणि मासे, मांस, बीन्स, भाज्या असं कमी आंबट अन्न तीन ते चार दिवस. बऱ्याच ब्रिटिश डब्यांवर दोनच दिवस लिहिलेले असतात. उत्पादकाला तुमच्या फ्रीजचा भरवसा नसतो, म्हणून तो हात राखून सांगतो. लेबलवर आकडा असेल तर तोच पाळावा, कारण त्या विशिष्ट मालात मीठ किती, आम्ल किती हे त्यालाच ठाऊक असतं. लेबल फाटलं किंवा फेकलं गेलं असेल, तेव्हा अमेरिकन आकड्यांचा आधार घ्यावा.

डबा उघडण्याच्या क्षणी आतलं अन्न जवळजवळ निर्जंतुक असतं. नंतर जे जंतू येतात ते आपणच आणतो, आणि आणायची पहिली जागा म्हणजे डबा उघडायची चकती. तिचं चाक जवळून पाहा. दातांच्या खाचेत गेल्या वेळच्या डब्याचा सुकलेला काळपट थर बहुतेक वेळा सापडतो. कापताना झाकण किंचित आत दबतं आणि चाकावरचा तो थर, झाकणावरची दुकानातली धूळ, दोन्ही अन्नात उतरतात. म्हणून उघडण्यापूर्वी झाकण पुसून किंवा धुऊन घ्यावं आणि चकती प्रत्येक वेळी साबणाने घासावी. त्यानंतरचा मोठा मार्ग म्हणजे चमचा. बोटाने किंवा तोंडात घातलेल्या चमच्याने डब्यातून थेट खाल्लं आणि उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलं, तर ते चार दिवस धरून चालू नये; त्या दिवशीच संपवावं.

वेळेची मोजणी फ्रीजमध्ये ठेवल्यापासून करतात, पण डबा ओट्यावर किती वेळ राहिला हे तितकंच महत्त्वाचं असतं. उबदार हवेत, खायला भरपूर असताना, जंतूंची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. शंभर जंतूंपासून सुरुवात झाली, तर चार तासांत बारा वेळा दुप्पट होऊन ते चार लाखांवर जातात. एरवी बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये असा नियम आहे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात ही तासाभराची मर्यादा खरी धरायची. उन्हाळ्यात वीज गेली तर दार न उघडलेला फ्रीज साधारण चार तास थंडी धरून ठेवतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर उघडलेल्या माशांचा आणि बीन्सचा मोह सोडावा.

हे सगळे आकडे फ्रीज चार-पाच अंशांवर आहे असं गृहीत धरून दिलेले असतात. कित्येक फ्रीजच्या आतल्या चकतीवर अंश नसतातच, एक ते पाच किंवा सात असे नुसते आकडे असतात. एक साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून पेला मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी वाचा. आठ-नऊ अंश दिसले तर चार दिवसांचा हिशेब तुमच्यासाठी नाही. आणि उरलेलं अन्न दाराच्या खणात ठेवू नका, दर वेळी दार उघडलं की तिथेच गरम हवा पहिल्यांदा लागते.

माशांचा विषय जरा थांबून समजून घेण्यासारखा आहे. डब्यात येणारे मासे बहुतेक कुपा म्हणजे ट्यूना, तारली म्हणजे सार्डिन, आणि बांगडा यांच्या जातकुळीतले असतात. या माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. काही जंतू त्याचं हिस्टामीन बनवतात. हिस्टामीन जास्त असलेला मासा खाल्ला की काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, धडधडतं, अंगावर गांध्या उठतात. रुग्णाला आणि कधी कधी डॉक्टरलाही ती माशाची अॅलर्जी वाटते. तसं असेलच असं नाही. तोच माणूस दुसऱ्या दिवशी ताजा मासा खाऊन ठणठणीत राहू शकतो.

यातली अडचण अशी, की हिस्टामीन एकदा तयार झालं की शिजवून जात नाही. डबा १२१ अंशांवर तापवून जंतू मारले, तरी आधी तयार झालेलं हिस्टामीन तसंच राहतं, म्हणून चांगला कारखाना मासळी बोटीवरून उतरल्यापासून बर्फात ठेवतो. घरी डबा उघडल्यावर चमच्यावरून नवे जंतू आले आणि मासा तासन्‌तास बाहेर राहिला, तर तेच पुन्हा घडू शकतं. वास मात्र नेहमीसारखाच राहू शकतो. जिभेला मिरीसारखा तिखटपणा किंवा चुरचुर जाणवली तर घास थुंकून द्या. पण ती जाणवली नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. म्हणून माशाच्या बाबतीत नाकावर नाही, घड्याळावर विसंबायचं. लक्षणं दिसली तर डॉक्टरकडे जा, आणि काय खाल्लं, केव्हा खाल्लं हे आवर्जून सांगा.

तेलातले मासे तेलामुळे टिकतात असा समज पुष्कळ घरांत आहे. आपल्या लोणच्यावरच्या तेलाची आठवण त्यामागे असावी. लोणचं टिकतं ते मीठ, आंबटपणा आणि तेल यांच्या एकत्र कामाने. सार्डिनच्या डब्यात मीठ थोडं असतं, आंबटपणा नसतोच. तेल मासा कोरडा पडू देत नाही, हवा थोडी अडवतं, पण जंतू मारत नाही. तेलातल्या माशांनाही तेच तीन-चार दिवस.

एक उदाहरण घेऊ. लेस्टरमध्ये शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता एका मुलीने तीन डबे उघडले: चारशे ग्रॅमचे टोमॅटो, चारशे ग्रॅमचा राजमा आणि ट्यूनाचा छोटा डबा. अर्ध्या टोमॅटोंत राजमा शिजवला, अर्धा ट्यूना सँडविचमध्ये गेला. उरलेलं तिने जेवण्यापूर्वीच बाजूला काढलं. टोमॅटो काचेच्या वाडग्यात गेले. स्टेनलेस स्टीलच्या डब्यातही चालले असते. आपल्या रोजच्या स्टीलवर क्रोमियमचा असा थर असतो की टोमॅटो त्याला दोन-चार दिवसांत काही करत नाहीत. अॅल्युमिनियमचं भांडं मात्र नको. राजमा त्याच्या पाण्यासकट दुसऱ्या भांड्यात, ट्यूना झाकणाच्या डबीत, आणि तिन्हींवर चिकटपट्टीवर ‘शुक्र’ असं लिहिलं. आठ वाजेपर्यंत सगळं फ्रीजमध्ये होतं.

ट्यूनाच्या लेबलवर दोन दिवस लिहिलं असेल, तर तो रविवारी रात्रीपर्यंत संपवायचा. लेबल नसतं तर सोमवार, फार तर मंगळवार. राजम्याची शेवटची तारीखही मंगळवार. सोमवारी संध्याकाळपर्यंत काही बेत दिसत नसेल तर त्याच दिवशी पाणी काढून, पिशवीत पसरून फ्रीजरमध्ये टाकावा. तिथे तो काही महिने चांगला राहतो, चौथ्या दिवसाच्या शेवटी टाकला तर मात्र तो म्हाताराच गोठतो. टोमॅटो लेबलप्रमाणे सोमवारपर्यंत, लेबल नसेल तर पुढच्या बुधवारपर्यंत निर्धास्त, आणि वास-रंग ठीक असेल तर शुक्रवारपर्यंत. हेच तिने डब्यातच ठेवले असते, तर जंतूंचा हिशेब तोच राहिला असता, पण रविवारच्या आमटीला डब्याची चव आली असती.

मंगळवारी तिने उरलेल्या राजम्याची उसळ केली, तर त्या उसळीला पुन्हा तीन-चार दिवस मिळतात का? व्यवहारात लोक तसं मोजतात, आणि वेळेत शिजवलेल्या राजम्यासाठी ते चालतं. ट्यूनासाठी चालत नाही. शिजवण्याने जंतू मरतात, त्यांनी आधी करून ठेवलेलं हिस्टामीन तिथेच राहतं. हातावरून येणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जंतूचं विषही उकळीने जात नाही. गरोदर बाई किंवा घरातली म्हातारी माणसं यांच्यासाठी आणखी एक जंतू लक्षात घ्यावा लागतो, लिस्टेरिया. तो फ्रीजच्या थंडीतही मंदपणे वाढतच राहतो. त्यांच्यासाठी उघडलेला मासा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी संपवणं, आणि बीन्स वाफा येईपर्यंत गरम करणं, हेच योग्य.

सर्वांत फसवे डबे म्हणजे टोमॅटो सॉसमधले बीन्स आणि टोमॅटो सॉसमधले सार्डिन. पाहताना ते आंबट गटातले वाटतात. सॉस आंबट असला तरी बीन्सच्या दाण्याच्या आत आणि माशाच्या मांसात आंबटपणा कमीच असतो, म्हणून दिवस मोजायचे ते बीन्स-माशांचे, तीन-चारच. आणि सॉस आंबट आहे म्हणून भांड्यातही काढायचे. दोन्हीकडचा कडक नियम यांना लागतो.

डबा तसाच ठेवून वर अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळणं ही सवय तर सोडूनच द्यावी. फॉइल टोमॅटोला आणि डब्याच्या कडेला एकाच वेळी लागली, की दोन वेगळे धातू आणि मधलं आम्ल मिळून एक छोटी बॅटरी तयार होते आणि फॉइल विरघळू लागते. सकाळी फॉइलवर टाचणीएवढी भोकं दिसतात आणि खाली टोमॅटोवर करडे ठिपके.

आतून निळसर-काळे किंवा जांभळट डाग दिसले म्हणून राजमा किंवा मासा टाकून देण्याची गरज नसते. प्रथिनांतलं गंधक कथलाशी आणि लोखंडाशी मिळून ते डाग पडतात, त्यांनी काही होत नाही. बाहेरून फुगलेला, किंवा उघडताना फवारा उडालेला डबा मात्र चाखूनही पाहू नये. फुगवटा म्हणजे आत कोणीतरी जिवंत आहे, आणि कमी आंबट अन्नात तो कोणी बॉट्युलिनम असू शकतो. तो डबा पिशवीत बांधून फेकून द्यावा.

उघडल्यानंतरच्या दिवसांत राजमा-छोल्यांवर चिकट तार धरली, पाण्यावर फेस आला किंवा आंबूस वास आला, तर ते संपलं. टोमॅटोवर बुरशी आली, तर वरचा थर चमच्याने काढून खालचे वापरायचा मोह होतो. तो इथे चुकीचा आहे. बुरशी वाढताना टोमॅटोतलं आम्ल खाते. तिच्या भोवतीचे टोमॅटो हळूहळू कमी आंबट होतात, आणि ४.६ च्या ज्या रेषेवर सात दिवसांचा भरवसा ठेवला होता ती रेष तिथे राहिलेली नसते. पांढरा एवढासा ठिपका दिसला तरी अख्खा वाडगा टाकायचा.